पीठ आंबलं, पण फुगलं का नाही?

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिककडच्या स्वयंपाकघरांत इडलीचं पीठ सकाळी जसंच्या तसं बसलेलं दिसलं की दोष थंडीला दिला जातो. पण पुष्कळदा तो आळ खोटा असतो. खरंखोटं करायला पिठाचा वास घ्यावा आणि चमचाभर पीठ जिभेवर ठेवून पाहावं. वास कच्च्या डाळीचा आणि चव सपक असेल, तर थंडीने खरोखरच काम अडवलं आहे. पीठ चांगलं आंबट झालं असेल आणि तरी फुगलं नसेल, तर मात्र कारण बहुतेक आदल्या दिवशीच्या दळण्यात शोधावं लागतं.

पीठ फुगण्यात दोन वेगळी कामं होतात. एक, वायू तयार होणं. दुसरं, तो वायू पिठात अडकून राहणं. पहिलं काम जिवाणू करतात. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इडलीचं पीठ फुगवण्याचं मुख्य श्रेय ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडिस या जिवाणूला दिलं गेलं. तो लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड असं दोन्ही तयार करतो, म्हणजे आंबटपणा आणि फुगवटा एकाच वेळी. यीस्ट घालायची गरज नसते, कारण हे जिवाणू उडदाच्या डाळीवर आणि तांदळावर आधीपासूनच असतात. भिजवतानाच त्यांची वाढ सुरू होते. म्हणून डाळ भिजवण्याआधी नीट धुवावी, पण भिजल्यावर ते पाणी ओतून न देता दळायला वापरावं.

दुसरं काम उडदाचं. उडदातली प्रथिनं फेस धरतात आणि तिच्यातला बुळबुळीत, चिकट पदार्थ तो फेस टिकवून धरतो. तांदळाच्या पिठात वायू अडवण्याची ही ताकद नाही. चवळी किंवा मुगाची डाळ वापरली तरी पीठ आंबतं, पण उडदासारखी हलकी इडली होत नाही ती याच कारणाने. डाळ जुनी असेल तरी फेस कमी धरला जातो. शक्य असेल तर तुकडा डाळ न घेता उडदाचे अख्खे, सालं काढलेले गोटे घ्यावेत.

इथे प्रमाणाचा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर तुम्ही कशावर दळता यावर अवलंबून आहे. दगडी पाट्यांच्या वेट ग्राइंडरमध्ये डाळ अर्धा तास सावकाश घोटली जाते, त्यात हवा भरत जाते आणि ती भरपूर फुलून येते. तिथे चार वाट्या उकड्या तांदळाला एक वाटी डाळ पुरते. मिक्सरचं पातं डाळ कापतं, घोटत नाही. शिवाय भांडं तापतं आणि डाळ मनासारखी फुलत नाही. म्हणून मिक्सरला तीनास एक हे प्रमाण धरावं. ग्राइंडरवर दळणाऱ्याचं चारास एक प्रमाण मिक्सरवर जसंच्या तसं उचललं की इडल्या घट्ट होतात.

आता मिक्सरवरचं एक दळण सबंध पाहू. तीन वाट्या उकडा तांदूळ वेगळा भिजवायचा, एक वाटी गोटे आणि एक छोटा चमचा मेथी वेगळी. पाच तास पुरेत. तांदूळ निवडताना इंद्रायणी आणि आंबेमोहोर टाळावेत. भाताला ते कितीही गोड लागले तरी चिकट आहेत, आणि इडली दाताला चिकटते. आधी डाळ दळायची, तीही फ्रीजमधल्या गार पाण्याने, दोन-तीन चमचे पाणी घालत, मध्ये थांबत. सगळं मिळून पाऊण ते एक वाटी पाणी लागेल. पाणी सुरुवातीलाच ओतलं तर डाळ पात्याभोवती नुसती फिरते आणि कणी राहते. डाळ झाली का हे ओळखायला वाटीभर पाण्यात तिचा एक थेंब सोडावा. तो वर तरंगला तर हवा भरली आहे. तळाशी गेला तर अजून फिरवायला हवं. सगळ्या कृतीत एवढी एकच परीक्षा करायची असेल तर ही करावी.

तांदळाचं याच्या उलट. तो बोटांत चोळल्यावर बारीक रव्याची कणी लागली पाहिजे. अगदी गंधासारखा दळला तर इडली चिकट, लिबलिबीत होते. कणी फार जाड राहिली तर ती रात्रीतून तळाशी बसते आणि वर नुसता डाळीचा फेस राहतो. थंडीत तांदूळ कोमट पाण्याने दळावा, म्हणजे डाळीचा गारवा भरून निघतो. मग दोन छोटे चमचे मीठ घालून दोन्ही हाताने नीट एकजीव करावं. पीठ डावातून जाडसर पडावं, पाण्यासारखं धावू नये. पातळ पिठातून बुडबुडे वर येऊन फुटून जातात, आणि मग तेच आंबट पण बसकं पीठ हाती येतं.

उबेचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकतो, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो. साधारण 28 ते 30 अंशांना पीठ आठ-दहा तासांत वर येतं. रात्री स्वयंपाकघर 20 अंशांच्या खाली गेलं तर चौदा-सोळा तासही लागतात. अशा वेळी फक्त वाट पाहिली तरी चालतं. घाई असेल तर मोठ्या पातेल्यात बोटाला सोसेल इतकं गरम पाणी घेऊन त्यात पिठाचं भांडं ठेवावं आणि वरून शाल गुंडाळावी. परदेशातल्या मराठी घरांत ओव्हनचा नुसता दिवा लावून पीठ आत ठेवतात, तोही चांगला उपाय आहे. मात्र एक थर्मामीटर आत ठेवून पाहावा. ऊब जितकी जास्त तितकं बरं, असं नसतं. पस्तीस अंशांच्या वर फुगवणारा जिवाणू मागे पडतो आणि नुसतं आम्ल करणारे पुढे सरसावतात. नागपूरच्या मे महिन्यात पीठ पाच-सहा तासांत आंबटढोण होतं ते त्यामुळेच. तिथे सकाळी दळून दुपारी पाहावं, रात्रभर ठेवू नये.

तयार पीठ ओळखायला भांड्याच्या कडेला आधी खूण करून ठेवावी. पीठ दीड-दोन पट चढलेलं असावं, पृष्ठभाग किंचित फुगीर असावा आणि चमच्याने बाजूला सारल्यावर आत जाळी दिसावी. कडेला चढल्याची रेघ आहे पण मधोमध खड्डा पडला आहे, म्हणजे पीठ वर येऊन परत बसलं आहे. वेळ टळून गेली. त्याच्या इडल्या करण्यापेक्षा उत्तपे करावेत. बसक्या पिठात सोडा घालण्याची सवय आहे, पण सोडा वायूसाठी आम्लच खर्च करतो. इडली फुगते, पण आंबवण्यातून आलेली चव जाते, आणि सोडा जास्त झाला तर ती पिवळट, साबणासारखी लागते.

इडली करताना पीठ ढवळू नये. डाव कडेने आत घालून अलगद उचलावं, कारण रात्रभर अडकवलेली हवा ढवळण्यानेच निघून जाते. डोशाला ही काळजी नको. तव्यावर पीठ पसरावंच लागतं, म्हणून तिथे तांदूळही बारीक दळलेला चालतो. भिजवताना दोन चमचे चणाडाळ आणि मूठभर पोहे घातले की डोसा खरपूस तांबूस होतो. पहिल्या दिवशी इडल्या करून उरलेलं पीठ फ्रीजमध्ये ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी थोडं पाणी घालून त्याचे डोसे करावेत. त्यासाठी पीठ अर्धा तास आधी बाहेर काढावं, कारण गार पीठ तापल्या तव्यावर गोळा होतं आणि पसरत नाही.