अत्तर नागपूरला जातं, पोर्ट ब्लेअरला अडतं

पुण्याच्या दुकानदाराने अत्तराची बाटली पोर्ट ब्लेअरला पाठवायची ऑर्डर नोंदवली, की कुरिअरची यंत्रणा आधी पिनकोड बघते. 744101 : सहा आकडी आहे, सेवेच्या यादीतही आहे. (1972 मध्ये ही पिनकोड पद्धत आखणारे श्रीराम वेलणकर मराठीच.) मग वस्तूची पाळी. या अत्तरात अल्कोहोल आहे, म्हणजे ज्वालाग्राही द्रव. कुरिअर अंदमानला फक्त विमानाने माल नेत असेल, तर ऑर्डर नामंजूर. तीच बाटली नागपूरच्या 440001 वर ट्रकने जाणार असेल, तर मंजूर. म्हणजे वस्तू आणि पिनकोड वेगवेगळे तपासून भागत नाही. मधला प्रवास कशाने होणार, हेही बघावं लागतं.

नुसतं ‘ऑर्डर नाकारली’ हे उत्तर मला तरी उद्धट वाटतं. ‘पिनकोडवर सेवा आहे, पण हे अत्तर आम्ही विमानाने नेत नाही’ असं कळलं, तर दुकानदार पत्ता बदलत बसत नाही.

यंत्रणा फसते ती वर्णनावर. ‘गिफ्ट’ एवढंच लिहिलं तर ऑर्डर मंजूर होते आणि पार्सल विमानतळावरच्या एक्स-रे तपासणीत अडकतं. तेव्हा वस्तूचं नाव नीट लिहा.