अंदाजपंचे, पण हिशेबाने

आमच्या खालच्या मजल्यावरचा निखिल एप्रिलमधल्या एका संध्याकाळी घामाघूम होऊन दारात उभा राहिला. वय ४२, बँकेत नोकरी, पळायला लागून जेमतेम सहा आठवडे झालेले. बायकोने वाढदिवसाला दिलेलं स्पोर्ट्‌स वॉच त्याने माझ्या नाकासमोर धरलं.

"काका, सहा किलोमीटर पळालो. हे म्हणतंय ४८ तास विश्रांती घ्या. व्हीओटू मॅक्स ३९. लोड 'जास्त'. मला काही झालंय का?"

काही झालं नव्हतं. पण नव्याने पळणाऱ्या बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांत हाच धक्का बसतो, म्हणून त्याचं ते घड्याळ जरा उघडून बघू.

या आकड्यांसाठी घड्याळ पळताना प्रत्यक्ष मोजतं त्या गोष्टी मुळात दोन: नाडी आणि वेग. वेग उपग्रहाकडून येतो. नाडी घड्याळाच्या पोटाशी लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांवरून कळते. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो आणि सेन्सर ते मोजतो. निखिलला घाबरवणारे आकडे याच दोन गोष्टींवरून काढलेले असतात, आणि ते काढताना घड्याळ एक तिसरी गोष्ट गृहीत धरतं. निखिलचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

आधी व्हीओटू मॅक्स. जिवाच्या आकांताने पळताना शरीर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, तो हा आकडा. आर्किबाल्ड हिल हा शास्त्रज्ञ मँचेस्टरमध्ये पाठीवर हवेची पिशवी बांधून स्वतःच गवतावर गोल गोल पळाला, सोडलेला श्वास पिशवीत गोळा केला, आणि १९२३ साली ही कमाल मर्यादेची कल्पना मांडली. आजही खरी चाचणी त्याच जातीची आहे: तोंडावर मास्क, ट्रेडमिलचा वेग वाढवत न्यायचा, आणि वेग वाढूनही ऑक्सिजनचा वापर वाढेनासा झाला की थांबायचं.

घड्याळाजवळ मास्क नाही. म्हणून ते उलट्या बाजूने हिशेब करतं. नेमकी सूत्रं कंपन्या तिजोरीत ठेवतात, पण तत्त्व कागदावर करून बघता येतं. निखिल ताशी ९ किलोमीटरने पळत होता, म्हणजे मिनिटाला १५० मीटर. सपाट रस्त्यावर पळताना दर मीटरला, किलोमागे साधारण ०.२ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. म्हणजे झाले ३०. नुसतं बसून राहायला लागणारे साडेतीन त्यात मिळवा: साडेतेहतीस. एवढा ऑक्सिजन तो वापरत होता, हे वेगावरून ठरलं.

आता प्रश्न असा, की हे साडेतेहतीस म्हणजे त्याच्या पूर्ण ताकदीचा कितवा हिस्सा? ते नाडी सांगते. त्याची बसल्या जागची नाडी ६०, पळताना १६०. आणि कमाल नाडी? ती घड्याळाने मोजलेलीच नव्हती. २२० मधून वय वजा करायचं, या जुन्या आडाख्याने त्याने १७८ धरली होती. ६० ते १७८ या ११८ ठोक्यांच्या पल्ल्यातले निखिलने १०० वापरले, म्हणजे ८५ टक्के. पल्ला बसल्या जागेपासून मोजला, म्हणून ऑक्सिजनमधलेही बसल्या जागचे साडेतीन तूर्त बाजूला ठेवू. उरलेल्या तिसाला ८५ टक्के मानलं, तर शंभर टक्के होतात ३५ च्या थोडे वर. त्यात बसल्या जागचे साडेतीन. आला ३९.

पण तो आडाखा सरासरीचा आहे. एकाच वयाच्या माणसांची कमाल नाडी त्याच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी नेहमीचं. निखिलच्या हृदयाची तपासणी नुकतीच झालेली होती, डॉक्टरांनी जोर लावायला हरकत नाही म्हटलं होतं. म्हणून त्याला छातीचा पट्टा लावून वेताळ टेकडीच्या चढावर नेलं. पंधरा मिनिटं हलकं पळणं, मग तीन मिनिटांचे तीन जोरकस चढ, शेवटचा अगदी दम संपेपर्यंत. पट्ट्याने सर्वांत वरचा आकडा दाखवला १९०. तोच सेटिंगमध्ये भरला. तीच धाव या आकड्याने मोजली तर व्हीओटू मॅक्स येतो साडेबेचाळीस.

त्याच आठवड्यात तो पहाटे साडेपाचला, गार हवेत, त्याच वेगाने पळाला. नाडी १५०. आता हिशेब येतो ४७ च्या आसपास. संध्याकाळच्या उन्हात रक्ताचा काही वाटा कातडी गार करायला जातो, म्हणून त्याच वेगाला हृदय जास्त धावतं, आणि घड्याळ त्याचा अर्थ 'दम कमी' असा लावतं. काही घड्याळं तापमानाची सूट देतात, पण सगळी नाहीत. माणूस तोच, पाय तेच, आठवडा तोच. आकडे मात्र ३९, साडेबेचाळीस आणि ४७. पडद्यावर ही उडी एकदम दिसत नाही, कारण घड्याळ मागच्या धावांशी मेळ घालत आकडा हळूहळू सरकवतं.

लोडचा उगमही नाडीतच. जिना धावत चढून आल्यावर आपण वर पोचूनही धापा टाकत राहतो. शरीर मागची ऑक्सिजनची उधारी फेडत असतं. फिनलंडमधल्या युवास्क्युला शहरातल्या फर्स्टबीट कंपनीने ही उधारी केवळ नाडीवरून अंदाजायची पद्धत घड्याळांत आणली; २०२० मध्ये गार्मिनने तिचा हा व्यवसाय विकत घेतला. प्रत्येक धावेची उधारी मोजायची, सात दिवसांची बेरीज ठेवायची, आणि गेल्या काही आठवड्यांच्या सवयीशी ती ताडून बघायची. दुसऱ्या कंपन्यांचे हिशेब वेगळे, त्यामुळे मित्राच्या घड्याळातल्या लोडशी आपला लोड लावून बघण्यात अर्थ नाही. घड्याळ नवं असेल तर ताडायला सवयच नसते, म्हणून पहिले तीन-चार आठवडे 'जास्त', 'कमी' या शेऱ्यांकडे मी तरी काणाडोळा करतो.

या उधारीची एक खोड आहे: जोर वाढला की ती सरळ रेषेत नाही, झपाट्याने चढते. १६० ही नाडी १७८ च्या ९० टक्के होते, आणि १९० च्या ८४ टक्के. घड्याळाला वाटलं निखिल मर्यादेला टेकला. म्हणून लोड फुगला, आणि त्यातून निघणारा विश्रांतीचा वेळही. तो वेळ म्हणजे अंथरुणात पडायचा हुकूम नव्हे. पुढची जोरदार धाव इतक्या तासांनी घ्या, एवढाच त्याचा अर्थ. मधे हलकं पळायला मुभा असते.

अजून एक घोळ निखिलच्या आलेखात सापडला. एका धावेत दुसऱ्याच मिनिटाला नाडी भिंतीसारखी सरळ १७० वर गेली आणि तिथेच सपाट राहिली, तरी तो म्हणे गप्पा मारत पळत होता. पावलांचा आलेख बघितला: मिनिटाला १७०. घड्याळाचा पट्टा सैल असला की सेन्सर हाताचा हेलकावाच नाडी म्हणून मोजतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, जरा घट्ट बांधल्यावर ते थांबलं.

मग जूनमध्ये तो मित्रांबरोबर सिंहगडावर गेला. वर चढायला गाडी, आणि उतरताना पायवाटेने पळत खाली. उतारावर नाडी फारशी चढत नाही, पण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असताना अंगाचं वजन थोपवत असतात, आणि त्यात त्यांची बारीक मोडतोड होते. हिरव्या दिव्याला ती दिसत नाही. घड्याळाने विश्रांती सांगितली १४ तास.

सोमवारी सकाळी निखिल जिन्याचा कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरत होता.

"काका, हे म्हणतंय आज पळा," तो म्हणाला, आणि तिसऱ्या पायरीवर बसला.