पाचपैकी तीन उकली कुठे जातात?

परीक्षा जवळ आली की गणित शिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नपत्रिकांचे फोटो येऊ लागतात. कागदाला पडलेली घडी, त्यावर मोबाइलची सावली आणि खाली एक ओळ: "सर, माझं उत्तर बरोबर येतंय, पण पुस्तकात जास्त उत्तरं दिलीत." अशा फोटोंमध्ये त्रिकोणमितीचा एक प्रश्न वारंवार असतो. तो असा:

sin 2x = sin x, 0 ≤ x ≤ 2π असताना x च्या सर्व किमती काढा.

या समीकरणाला दिलेल्या मर्यादेत बरोबर पाच उकली आहेत. अनेक वह्यांमध्ये मात्र दोनच सापडतात. त्या दोन अगदी बरोबर असतात, म्हणूनच मुलं गोंधळतात. कुठेही आकडेमोड चुकलेली नाही आणि तरी निम्म्याहून जास्त उत्तर गायब आहे.

पण सोडवायला बसण्याआधी फोटो नीट वाचायला हवा. त्यातला तो 2 बघा. तो x च्या रांगेत आणि त्याच्याच उंचीचा असेल, तर ते sin 2x आहे, म्हणजे कोन दुप्पट केला आहे. तो लहान असून sin च्या खांद्यावर चढलेला असेल, तर ते sin²x आहे, म्हणजे sin x चा वर्ग. फोटो तिरका असला किंवा कागद फुगलेला असला, की हा फरक सहज पुसला जातो. चुकीचं वाचलं तरी गणित अडलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग शंका आली असती. इथे ते अडत नाही. sin²x = sin x सोडवलं, तर sin x = 0 किंवा sin x = 1 मिळतं आणि 0, π/2, π, 2π अशी चार सुबक उत्तरं येतात. विद्यार्थी समाधानाने खाली रेघ मारतो आणि त्याने दुसराच प्रश्न सोडवलेला असतो. त्याच पानावर दुसरीकडे वर्ग छापलेला असेल, तर त्याच्या उंचीशी या 2 ची तुलना करावी. पर्यायी प्रश्न असेल, तर पर्यायांत π/3 दिसतो का ते पाहावं. मूळ प्रश्नात π/3 ही उकल आहे, वर्गाच्या प्रश्नात ती येऊच शकत नाही.

आता खुद्द समीकरण. एक एकक त्रिज्येच्या वर्तुळावर फिरणारा बिंदू डोळ्यासमोर आणा. तो मध्यरेषेपासून जितका वर किंवा खाली असेल, तितकी त्या कोनाची sin ची किंमत. आकाशपाळण्यात बसलेला माणूस एका फेरीत एकाच उंचीवरून दोनदा जातो, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. फक्त अगदी टोकाला आणि अगदी तळाला तो एकेकदाच असतो. त्रिकोणमितीय समीकरणाला एकापेक्षा जास्त उत्तरं असतात, ती या कारणाने. फेऱ्या चालूच राहिल्या, तर उत्तरं संपतच नाहीत. म्हणून प्रश्नकर्ता मर्यादा घालून देतो: 0 पासून 2π पर्यंत, म्हणजे 0° ते 360°, पूर्ण एक फेरी.

आपल्या प्रश्नात दोन बाजूंना दोन वेगळे कोन आहेत, 2x आणि x. ते एका कोनावर आणण्यासाठी sin 2x = 2 sin x cos x हे सूत्र वापरायचं. समीकरण होतं:

2 sin x cos x = sin x

इथेच हात चटकन पुढे जातो. दोन्ही बाजूंना sin x आहे, मग भागून टाकू. राहतं 2 cos x = 1, म्हणजे cos x = 1/2, आणि x = π/3 किंवा 5π/3. दोन उकली मिळाल्या, गणित संपलं असं वाटतं.

भागाकाराला एक अट असते. ज्याने भागायचं ते शून्य असता कामा नये. sin x मात्र शून्य होऊ शकतं, आणि ते शून्य होतं तेव्हा समीकरणाच्या दोन्ही बाजू शून्य होतात, म्हणजे समीकरण खरंच असतं. आपण भागाकार केला त्या क्षणी ही सगळी ठिकाणं न तपासता टाकून दिली. हरवलेल्या तीन उकली इथे गेल्या. त्यामुळे भागायचं नाही, सगळं एका बाजूला आणायचं आणि सामाईक अवयव बाहेर काढायचा:

2 sin x cos x − sin x = 0
sin x (2 cos x − 1) = 0

गुणाकार शून्य असेल, तर दोहोंपैकी निदान एक अवयव शून्य असलाच पाहिजे. sin x = 0 हे 0, π आणि 2π ला होतं. 2 cos x − 1 = 0 मधून cos x = 1/2. cos ची किंमत पहिल्या आणि चौथ्या चरणात धन असते, म्हणून π/3 आणि 2π − π/3 = 5π/3. चढत्या क्रमाने पूर्ण यादी अशी:

x = 0, π/3, π, 5π/3, 2π

परीक्षेत वेळ असेल, तर एखादी उकल मूळ समीकरणात घालून पाहावी, आणि त्यातही 5π/3 घ्यावी. ती चौथ्या चरणातली असल्याने चिन्हाची चूक असेल, तर तिथे उघडी पडते. 5π/3 म्हणजे 300°. डावीकडे sin 600°, त्यातून एक फेरी वजा केली की sin 240°, म्हणजे −√3/2. उजवीकडे sin 300°, तेही −√3/2. जुळलं.

काहीच सुटलं नाही याची खात्री मात्र अशी एकेक उकल तपासून होत नाही. त्यासाठी मी मुलांना दोन्ही वक्र कच्चे काढायला सांगतो. sin x ची एक लाट 0 पासून 2π पर्यंत पसरते. sin 2x च्या तेवढ्याच जागेत दोन लाटा बसतात. दोन्ही 0 ला एकत्र निघतात, sin 2x आधी चढून आधी उतरतो आणि उतरताना π/3 ला sin x ला छेदतो. π ला दोन्ही पुन्हा शून्यावर भेटतात, मग 5π/3 ला, आणि शेवटी 2π ला. पाच भेटी झाल्या. आकृती सुंदर नसली तरी चालेल, भेटी किती होतात एवढंच त्यातून हवं.

आता मर्यादेकडे परत येऊ, कारण फोटोत सर्वात आधी तिचाच बळी जातो. मर्यादा बहुधा ओळीच्या शेवटी किंवा पुढच्या ओळीवर छापलेली असते आणि फोटो कापताना तीच बाहेर राहते. दिसली तरी 2π च्या आधीचं चिन्ह ≤ आहे की <, हे पुसट फोटोत कळत नाही, कारण फरक फक्त खालच्या बारीक रेघेचा असतो. अंतराल कंसात लिहिलं असेल, तर [0, 2π] आणि [0, 2π) यांतला शेवटचा कंस चौकोनी आहे की गोल, हा प्रश्न येतो. चौकोनी कंस म्हणजे टोक धरायचं, गोल म्हणजे सोडायचं. आपल्या समीकरणाची एक उकल नेमकी त्या टोकावर, 2π वर, बसली आहे. म्हणून [0, 2π] मध्ये उत्तरं पाच आणि [0, 2π) मध्ये चार. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात मुख्य उकली 0 ≤ x < 2π या मर्यादेत घेतात, तिथे 2π येत नाही. बोर्डाच्या सवयीने लिहिणारा विद्यार्थी जेईईच्या प्रश्नात 2π विसरतो, तो यामुळे. जेईई मेनमध्ये कधी फक्त उकलींची संख्या विचारतात, आणि तिथे पाचाऐवजी चार लिहिलं तर बाकी सगळ्या बरोबर कृतीला काहीच किंमत उरत नाही.

मर्यादा 0 पासून सुरू होत नसेल, तर सामान्य उकलीवरून जाणं सोयीचं. आपल्या समीकरणाची सामान्य उकल x = nπ किंवा x = 2nπ ± π/3 अशी आहे, n हा कोणताही पूर्णांक. अंतराल (−π, π) दिलं असेल, तर n च्या जागी पूर्णांक घालत जायचं आणि मर्यादेबाहेर गेलं की थांबायचं. पहिल्या सूत्रातून फक्त 0 मिळतो, कारण −π आणि π दोन्ही टोकं गोल कंसामुळे वगळली आहेत. दुसऱ्यातून n = 0 घेतल्यावर π/3 आणि −π/3. एकूण तीन. समीकरण तेच, एका फेरीची लांबीही तीच, तरी पाचाची तीन झाली.

दुप्पट कोनाचा आणखी एक प्रकार फोटोंमध्ये खूप येतो: sin 2x = √3/2, 0 ≤ x ≤ 2π. इथे अवयव पाडायचे नाहीत, थेट 2x काढायचा. मुलं 2x = π/3 आणि 2π/3 लिहितात, दोनाने भागतात आणि x = π/6, π/3 देऊन मोकळी होतात. पण x ने एक फेरी केली, तेव्हा 2x ने दोन केल्या. मर्यादाही दुप्पट करून लिहायला हवी: 0 ≤ 2x ≤ 4π. मग दुसऱ्या फेरीतले 7π/3 आणि 8π/3 हेही येतात, आणि पूर्ण उत्तर π/6, π/3, 7π/6, 4π/3 असं चार उकलींचं होतं. sin 3x असेल तर तीन फेऱ्या, म्हणजे 6π पर्यंत. ही दुप्पट-तिप्पट केलेली मर्यादा पहिल्याच ओळीत लिहून ठेवली, तर पुढे विसरायला वावच राहत नाही.

कधीकधी उलटंही होतं, उकली वाढतात. sin x + cos x = 1 सोडवताना दोन्ही बाजूंचा वर्ग केला, तर sin 2x = 0 मिळतं आणि 0, π/2, π, 3π/2, 2π अशी पाच उत्तरं दिसतात. π आणि 3π/2 मूळ समीकरणात घातले, तर डावी बाजू −1 येते. वर्ग केल्यावर 1 आणि −1 यांतला भेद मिटला, म्हणून ही दोन परकी उत्तरं आत शिरली. खरी उत्तरं 0, π/2 आणि 2π. वर्ग केलेल्या गणितात प्रत्येक उकल मूळ समीकरणात घालून पाहिल्याशिवाय यादीत घेऊ नये.

फोटो पाठवणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. कागद सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा, आणि प्रश्नाच्या वरची व खालची एकेक ओळही फोटोत घ्या. खाली स्वतःच्या हाताने समीकरण आणि अंतराल लिहून पाठवा, कंसांसकट. शिक्षकाला अक्षर लागेल, पण कापलेली मर्यादा तो कुठून आणणार?