आयईसी चालू आहे, पण माल जातो का?

द्राक्षाचा खुडा सुरू झाला की निफाडकडचे बागायतदार व्यापाऱ्याचं कार्ड घेऊन माझ्या ऑफिसात येतात. कार्डावर ‘एक्स्पोर्टर’ छापलेलं असतं. भाव चढा, पैसे महिन्याभराने. मी आधी त्या व्यापाऱ्याचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा दहा अक्षरी क्रमांक, मागवतो.

2017 साली जीएसटी आल्यापासून नव्याने दिलेल्या आयईसीत फर्मचा पॅन हाच तिचा क्रमांक. त्यामुळे चौथं अक्षर पाहिलं की मालक कोण ते कळतं: सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकटा माणूस. मागच्या हंगामातल्या एका कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होतं आणि क्रमांकात पी. तिथेच मला पहिली शंका आली.

मग डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर तो क्रमांक आणि फर्मचं नाव टाकलं. नोंद सापडली, क्रमांक चालू होता. “चालू दाखवतंय ना साहेब, मग झालं की!” बागायतदार म्हणाले. पण आयईसी पाचशे रुपये भरून घरबसल्या मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहितीची खातरजमा केली की चालू राहतो. एक पेटीही बाहेर पाठवलेली नसली तरी तो चालूच दिसतो.

त्यापेक्षा बोलकी होती क्रमांक दिल्याची तारीख. व्यापारी दहा वर्षांच्या दुबईच्या धंद्याच्या गोष्टी सांगत होता आणि क्रमांक जेमतेम वर्षाचा. यालाही सरळ कारण असू शकतं. भागीदारी मोडून धंदा एकट्याचा झाला की पॅन बदलतो आणि आयईसीही नवा घ्यावा लागतो. पण मग जुना क्रमांक सांगता यायला हवा. याला तो सांगता आला नाही.

शेवटी अलीकडच्या एका शिपिंग बिलाची प्रत मागितली. कस्टम्सच्या ‘आइसगेट’वर बंदर, बिलाचा क्रमांक आणि तारीख टाकली की त्या बिलावरचा आयईसी दिसतो. माल निघायला परवानगी मिळाली का, तेही कळतं. बिल खरं होतं, कंटेनर न्हावा शेवाहून गेलाही होता. फक्त आयईसी दुसऱ्याच फर्मचा होता. म्हणजे हा निर्यातदाराला माल पुरवणारा मधला माणूस. त्यात गैर काही नाही, पण परदेशातून येणारे पैसे त्याच्या खात्यात येणार नव्हते.

बागायतदारांनी सौदा मोडला नाही, अट बदलली: काट्यावर वजन झालं की पैसे, मगच गाडी हलणार. खऱ्या निर्यातदारासाठीही मी हेच सुचवतो. माल बाहेर जातो एवढंच शिपिंग बिलावरून समजतं. शेतकऱ्याची उधारी तो वेळेवर चुकती करतो का, ते त्याला आधी माल दिलेल्या दोघा-तिघांनाच विचारावं लागतं.