देणगीची पावती आणि करातली वजावट

मार्च महिना आला की संस्थांची आवाहने सुरू होतात आणि त्यांच्या तळाशी एक ओळ हमखास असते: ‘देणगी ८०जी अंतर्गत करसवलतीस पात्र’. ही ओळ वाचून अनेकांची समजूत होते की दोन लाख दिले तर दोन लाखांवरचा कर वाचेल आणि त्यासाठी संस्थेची पावती पुरेशी आहे. या दोन्ही समजुती बहुतेक वेळा चुकीच्या ठरतात. आयकर कायद्याचे कलम ८०जी सवलत देते हे खरे, पण ती किती मिळेल हे देणाऱ्याच्या उत्पन्नावर ठरते. आणि मिळेल की नाही, हे संस्थेने आयकर खात्याला काय कळवले आहे यावर.

मुळात ही वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच मूळ व्यवस्था झाली आहे. तुम्ही वेगळा पर्याय निवडला नाहीत तर तुमचा कर नव्या प्रणालीने मोजला जातो आणि तिथे ८०जी नाही. त्यामुळे केवळ देणगीसाठी जुनी प्रणाली निवडणे क्वचितच परवडते. घरभाडे भत्ता, गृहकर्जाचे व्याज, ८०सी अशा मोठ्या वजावटी आधीच असतील, तर त्यांच्या जोडीला देणगी उपयोगी पडते.

शंभर टक्के कुठे, पन्नास टक्के कुठे

कायद्याने देणग्यांचे चार गट केले आहेत. सामान्य देणगीदाराचा संबंध त्यातल्या दोन गटांशी येतो.

पहिल्या गटात सरकारी मदतनिधी येतात: पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, राष्ट्रीय संरक्षण निधी, राज्याचा मुख्यमंत्री सहायता निधी. इथे दिलेली पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि तिला उत्पन्नाच्या प्रमाणात कमाल मर्यादा नाही. सप्टेंबर २०२५च्या मराठवाड्यातल्या पुरानंतर ज्यांनी मुख्यमंत्री सहायता निधीला पैसे दिले, त्यांची देणगी या गटात मोडते.

दुसरा गट म्हणजे ८०जीची मान्यता असलेल्या बाकीच्या संस्था. रुग्णालयांचे धर्मादाय ट्रस्ट, शाळा, अनाथाश्रम, ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था यांपैकी बहुतेक सगळ्या इथेच येतात. इथे दोन चाळण्या लागतात. तुमच्या देणगीतली किती रक्कम हिशेबात धरायची यावर आधी मर्यादा येते आणि मग त्या रकमेच्या निम्मीच वजावट मिळते.

ही मर्यादा ‘समायोजित’ उत्पन्नाच्या दहा टक्के असते. सर्व स्रोतांच्या उत्पन्नाची बेरीज घ्यायची, म्हणजे ढोबळ एकूण उत्पन्न. त्यातून दीर्घकालीन भांडवली नफा आणि शेअर किंवा इक्विटी फंडावरचा सवलतीच्या दराने करपात्र असलेला अल्पकालीन नफा वगळायचा. नंतर ८०सी, ८०डी यांसारख्या वजावटी कमी करायच्या. ८०जी मात्र अजून करायची नाही. जे उरेल त्याचे दहा टक्के ही तुमची मर्यादा.

एक हिशेब

मुंबईत भाड्याने राहणारी आणि नाशिकच्या घराचे कर्ज फेडणारी एक नोकरदार बाई घेऊ. वर्ष २०२५-२६, पगार २० लाख. घरभाडे भत्त्याची ३,६०,००० रुपयांची सवलत, ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख कमी केल्यावर उरतात १३,९०,०००. इक्विटी फंडावर दीर्घकालीन नफा झाला १,१०,०००. ढोबळ एकूण उत्पन्न झाले १५ लाख.

तिने ८०सीमध्ये दीड लाख, आरोग्य विम्याला २५,००० आणि एनपीएसमध्ये जादा ५०,००० घातले आहेत; एकूण २,२५,०००. आता १५ लाखांतून १,१०,००० चा नफा आणि या २,२५,००० च्या वजावटी काढल्या, की राहतात ११,६५,०००. त्याचे दहा टक्के म्हणजे १,१६,५००.

तिने एका रुग्णालयाच्या ट्रस्टला दोन लाख रुपये आणि मुख्यमंत्री सहायता निधीला ११,००० रुपये दिले. ट्रस्टच्या दोन लाखांपैकी १,१६,५०० च हिशेबात येतात आणि त्यांचे निम्मे, म्हणजे ५८,२५० रुपये वजा होतात. मदतनिधीचे ११,००० पूर्ण वजा होतात. एकूण वजावट ६९,२५०. तिचे उत्पन्न तीस टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने उपकरासह वाचलेला कर साधारण २१,६०० रुपये.

ट्रस्टला दिलेल्या दोन लाखांतले मर्यादेबाहेरचे ८३,५०० रुपये करापुरते वाया गेले, कारण ते पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत. तिने हेच दोन लाख एक लाख मार्चमध्ये आणि एक लाख एप्रिलमध्ये असे दिले असते, आणि पुढच्या वर्षीचे उत्पन्न जवळपास एवढेच राहिले असते, तर दोन्ही वर्षी रक्कम मर्यादेत बसली असती. वजावट झाली असती ५०,००० अधिक ५०,०००, आणि सुमारे १३,००० रुपये जास्त वाचले असते. संस्थेला मात्र तेवढेच पैसे मिळाले असते. मोठी देणगी द्यायची असेल तर आधी आपली दहा टक्क्यांची मर्यादा काढून पाहावी, ती यासाठी.

पावती आणि प्रमाणपत्र

आता कागदांकडे वळू. संस्थेच्या पावतीवर संस्थेचे नाव, पत्ता, पॅन, ८०जी मान्यतेचा क्रमांक आणि तारीख, तुमचे नाव, रक्कम आणि पैसे कसे दिले याचा उल्लेख असायला हवा. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर वजावट शून्य, पावती कितीही चोख असली तरी. चेक, बँक हस्तांतर, यूपीआय चालते. धान्य, औषधे, चादरी, पुस्तके अशा वस्तूंच्या स्वरूपात दिलेल्या देणगीला ही वजावट नाही.

मात्र २०२१-२२ पासून मान्यताप्राप्त संस्थांच्या बाबतीत ही पावती पुरेशी राहिलेली नाही. वर्षभरातल्या देणगीदारांची यादी संस्थेने फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याकडे भरायची असते. मुदत असते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३१ मेपर्यंत. ती यादी भरली की आयकर पोर्टलवर प्रत्येक देणगीदाराच्या नावाचे प्रमाणपत्र तयार होते. ते म्हणजे फॉर्म १०बीई. संस्थेने ते उतरवून तुम्हाला द्यायचे असते. संस्थेच्या लेटरहेडवर टाइप केलेले पत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

१०बीई हातात आल्यावर तीन जागा लक्ष देऊन वाचाव्यात. वरच्या भागात प्रमाणपत्राचा एआरएन क्रमांक असतो. रिटर्नमधल्या ८०जीच्या तक्त्यात संस्थेचे नाव, पॅन आणि रकमेसोबत हाच क्रमांक टाकायचा असतो. मधल्या भागात संस्थेच्या मान्यतेचा तपशील असतो. खाली तुमचे नाव, तुमचा ओळख क्रमांक, रक्कम आणि आर्थिक वर्ष असते.

घोळ बहुतेक वेळा या खालच्या भागात होतो. पैसे पत्नीच्या खात्यातून गेले आणि पॅन नवऱ्याचा दिला. पॅनमधले एक अक्षर चुकले. ३१ मार्चला लिहिलेला चेक संस्थेने पुढच्या वर्षात धरला. अशा वेळी तुमच्या पावतीवर काहीही असो, खात्याच्या नोंदीत ती देणगी तुमची म्हणून दिसत नाही. यावर उपाय एकच: संस्थेला सुधारित १०बीडी भरायला सांगून नवे १०बीई घेणे. नोकरदारांची रिटर्नची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्र आले का आणि बरोबर आले का, हे पाहून घ्यावे. मदतनिधींसाठी १०बीई लागत नाही. तिथे निधीची पावती पुरते, आणि देणगी पगारातून कापली गेली असेल तर कार्यालयाच्या फॉर्म १६ मध्ये तिची नोंद असते.

देण्याआधी काय पाहावे

महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट म्हणजे ८०जीचा ट्रस्ट, असा समज फार पसरलेला आहे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकर खात्याकडची संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमुक्ती देणारी नोंदणी आणि देणगीदाराला वजावट देणारी ८०जीची मान्यता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी, एका जातीच्या किंवा समाजाच्याच लोकांसाठी चालणाऱ्या मंडळाला दिलेले पैसे, ऑनलाइन आवाहन वाचून एखाद्या रुग्णाच्या खात्यात पाठवलेली मदत यांवर वजावट मागता येत नाही. ऑनलाइन व्यासपीठावरून देताना पैसे ट्रस्टच्या खात्यात जातात की व्यक्तीच्या, हे आधी बघावे.

८०जीची मान्यता आता मुदतीची असते. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती, मग पाच वर्षांची. २०२१ पासून जुन्या संस्थांनाही नव्याने मान्यता घ्यावी लागली. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या मान्यतेचा क्रमांक छापलेले पावतीपुस्तक अजून वापरात असेल, तर सध्याचा मान्यता आदेश मागून त्यावरची मुदत पाहावी. चांगली चालणारी संस्था तो लगेच दाखवते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पावतीवर जुना ‘८०जी’ शब्द दिसत नाही म्हणून संस्था खोटी ठरत नाही. आदेशावरची तारीख आणि मुदत महत्त्वाची.

शेवटी एका सापळ्याविषयी. चेकने एक लाख द्या, कमिशन कापून बाकीचे रोखीने परत घ्या, पावती पूर्ण रकमेची मिळेल, अशी ‘सोय’ करणारे मध्यस्थ आहेत. जुलै २०२५मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासणी सुरू केली. खोटी वजावट उघड झाली तर बुडवलेला कर व्याजासह भरावा लागतोच, शिवाय उत्पन्न चुकीचे दाखवल्याबद्दल त्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. सही करणारा तुम्ही असता, मध्यस्थ नसतो. खरी देणगी बँकेतून द्यावी, आपल्या पॅनवर नोंदवून घ्यावी आणि जूनमध्ये एआरएन असलेले प्रमाणपत्र हाती आल्यावरच रिटर्नमध्ये ती मागावी.