चौदाशे उष्मांकांची वाटणी

गेल्या महिन्यात एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय ४०, वजन ६८ किलो. दोन महिने त्या रोज मोजून १४०० उष्मांक, म्हणजे कॅलरी, घेत होत्या. वजन चार किलोंनी उतरले होते. पण जिना चढताना मांड्या भरून येत, दुपारी भूक अनावर होई. त्यांच्या वहीत सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भात, पातळ आमटी, चहाबरोबर बिस्किटे असे होते. हिशेब केला तर प्रथिने दिवसाला जेमतेम ३८ ग्रॅम! उष्मांक बरोबर होते, वाटणी चुकली होती. अन्न कमी आणि प्रथिनेही कमी पडली, की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालते.

म्हणून वाटणी नेहमी प्रथिनांपासून सुरू करावी. बाईंना ५८ किलोपर्यंत यायचे आहे. वजन उतरवताना इच्छित वजनाच्या दर किलोला साधारण १.२ ग्रॅम प्रथिने धरतो. म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. एका ग्रॅमला ४ उष्मांक, म्हणून झाले २८०.

मग स्निग्ध पदार्थ. एकूण उष्मांकांचा चौथा हिस्सा ठीक. एका ग्रॅमला ९ उष्मांक, तेव्हा ४० ग्रॅमचे ३६०. तेल अगदीच बंद करू नये. काही जीवनसत्त्वे शोषली जायला ते लागते. उरले ७६०. त्याला ४ ने भागले की १९० ग्रॅम पिष्टमय पदार्थ. ते शेवटी ठरतात.

ताटात हे कसे बसवायचे? बाई शाकाहारी. ज्वारीचे पीठ १३० ग्रॅम, डाळ ६०, मटकी ३०, सोयाबीनच्या वड्या ३०, शेंगदाणे २० ग्रॅम (धान्य, कडधान्य, वड्या सर्व कोरडे, शिजवण्यापूर्वी मोजलेले), पाव लिटर टोन्ड दूध, वाटीभर दही, भाज्या आणि दिवसभराचे तेल तीन चहाचे चमचे. प्रथिने ७० च्या आसपास भरतात. यात डाळ पातळ केली, की हिशेब बिघडला. आणि फोडणी अंदाजाने घातली, तर दोन जादा चमच्यांचे ९० उष्मांक नकळत पोटात जातात.

दोन-तीन आठवडे वजन हललेच नाही, तर आधी तेल नीट मोजावे. तरीही गरज वाटली, तर एका भाकरीचा भाग कमी करावा. डाळ-दुधाला हात लावू नये. वजन उतरते पण कंबर तेवढीच आणि अशक्तपणा वाढतो, तर स्नायू जात आहेत असे समजून प्रथिने तपासावीत.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी मात्र हा तक्ता परस्पर वापरू नये. आपल्या डॉक्टरांकडून आपले आकडे ठरवून घ्यावेत.