आधी खोकं उघडा, मग चार्जर विका

मोबाइलच्या दुकानाचा गल्ला फोनवर भरत नाही. पंधरा हजारांच्या हँडसेटवर सुटतं ते थोडकंच. घाऊक बाजारात चाळीस-पन्नास रुपयांना पडलेली टेम्पर्ड ग्लास मात्र काउंटरवर दीड-दोनशेला जाते. म्हणून फोन पसंत पडला रे पडला की "ग्लास मारून देऊ? कव्हर? चार्जर?" अशी सरबत्ती सुरू होते आणि गिऱ्हाईक भिडेखातर मान डोलावतं.

समजा, एका काकांनी २५ वॅट चार्जिंगचा, ५,००० एमएएच बॅटरीचा फोन घेतला. जाणता विक्रेता बिलाआधी खोकं त्यांच्यासमोर उघडतो. आत पारदर्शक कव्हर आहे, दोन्ही टोकांना सी-टाइप असलेली केबल आहे, चार्जर नाही. म्हणजे कव्हरचा विषय तिथंच मिटला. आता एकच प्रश्न उरतो : "काका, घरी चार्जर कुठला आहे?"

जुन्या चार्जरवर बारीक अक्षरांत '५ व्होल्ट, २ अँपिअर' असं लिहिलेलं असतं. गुणाकार केला की १० वॅट. त्याचं भोक जुन्या चौकोनी यूएसबीचं, त्यामुळे खोक्यातली केबल त्यात बसणारच नाही. जुन्याच चार्जरची सी-टाइप केबल असेल तर फोन चार्ज होईल, पण साधारण तीन तास लागतील. २५ वॅटच्या, फोनला चालणाऱ्या चार्जरनं तेच काम दीड तासाच्या आसपास होतं. एवढं सांगून थांबावं. काका रात्री फोन लावून झोपत असतील, तर त्यांना नवा चार्जर लागतच नाही आणि ते विक्रेत्यानंच सांगावं. अशानं आजचे हजार-बाराशे जातात खरे, पण पुढचा फोन घ्यायला काका बहुधा याच काउंटरवर येतात.

कॉम्बोचं गणितही उघड्यावर मांडावं. चार्जर १,२००, ग्लास २००, कव्हर ३००, एकूण १,७००. कॉम्बो १,४९९ला. २०१ रुपये वाचले म्हणायला छान वाटतं, पण काकांना कव्हर नकोच आहे. चार्जर आणि ग्लास सुटे घेतले तर १,४०० होतात, म्हणजे कॉम्बोत ते ९९ रुपये जास्तच मोजतात. तिन्ही वस्तू खरंच हव्या असणाऱ्यालाच कॉम्बो दाखवावा, तोही प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहून. आणि "नको" म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारू नये. "स्क्रीन फुटली तर मग म्हणू नका" हे वाक्य तर दुकानातून हद्दपार करावं.

काही ठिकाणी मात्र गोष्ट आग्रहाच्या पुढे जाते : "ॲक्सेसरी घेतली तरच हा फोन मिळेल." एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती करणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे. असं कुणी अडवलं तर वाद घालत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.